डेक पाठवला की "ठीक आहे" आणि मीटिंगमध्ये मात्र चिरफाड, हे परत परत का होतं आणि मेलमध्ये काय बदलायचं

आधी लक्षणं सांगते, जुळतात का बघा. डेक बनवण्यात चार दिवस घातले, सरांना मेल टाकला की "सर, ड्राफ्ट डेक जोडलाय, कृपया बघून फीडबॅक द्या", दोन तासांनी उत्तर आलं "ठीक आहे, स्लाइड ४ चा फॉन्ट बघ", तुम्ही खूश, फॉन्ट सारखा केला, आणि मग मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तेच सर विचारतात "हा आकडा कुठून आणला?" तेव्हा काय बोलायचं? आठवडाभर डेक तुमच्याकडेच पडून होता की, असं तोंडावर आलेलं गिळायचं आणि "चेक करून सांगते सर" म्हणायचं.

माझं हे तीन वेळा झालं. मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत डिस्पॅच प्लॅनिंग बघते, वर्षातून पाच-सहा डेक करावेच लागतात. तिसऱ्या वेळी ओव्हरटाइमचा डेक होता. मी जो महिना धरला होता तो दिवाळीच्या आधीचा, आणि आमच्याकडे तो महिना दरवर्षी फुगलेलाच असतो कारण सुट्ट्यांच्या आधी कस्टमर माल भरून ठेवतो. हे सरांना माहीत होतं. मला नव्हतं, मी त्या वर्षीच जॉइन झाले होते. आणि मुख्य म्हणजे मी त्यांना विचारलंच नव्हतं की हा महिना धरणं बरोबर आहे का, मी फक्त "फीडबॅक द्या" म्हटलं होतं. मीटिंगमध्ये प्लांट हेड बोलायच्या आत सरच बोलले, डेक तिथेच गुंडाळला.

त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये खूप चिडचिड केली, सरांना डेक वाचायला काय होतं वगैरे. पण नंतर मी मागचे सगळे मेल काढून बघितले, आणि एक गोष्ट दिसली. सरांच्या एकूण कमेंट्सपैकी बहुतेक कमेंट्स अशा होत्या की ज्या गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या काकांनीही दिल्या असत्या. स्पेलिंग, फॉन्ट, लोगो तिरका आहे, हा बाण उलटा आहे. म्हणजे ज्या माणसाला डिस्पॅचचा वीस वर्षांचा अनुभव आहे त्याच्याकडून मी प्रूफरीडिंग करून घेत होते.

तुम्हीही हीच चाचणी लावून बघा. शेवटच्या तीन डेकवर आलेल्या कमेंट्स काढा आणि प्रत्येकीला विचारा, ही कमेंट द्यायला विषय माहीत असणं गरजेचं होतं का? बहुतेक ठिकाणी उत्तर "नाही" आलं तर बिघाड साहेबांमध्ये नाही, मेलमध्ये आहे. कारण साधं आहे हो, साहेब ती फाइल उघडतात कुठे, तर शॉपफ्लोअरवरून केबिनकडे चालताना फोनवर, पाच इंची स्क्रीनवर १४ स्लाइड, आणि काय शोधायचं ते कोणी सांगितलेलं नाही. मग डोळ्याला जे आधी खुपतं त्यावरच कमेंट येते. फॉन्ट खुपतो. चुकीचा महिना खुपत नाही, तो शोधावा लागतो.

दुसरं लक्षण म्हणजे नुसतं "ठीक आहे". याचं कारण जवळपास कायम वेळ असतं. मेल गुरुवारी संध्याकाळी पावणेसहाला गेला आणि मीटिंग शुक्रवारी सकाळी, तर साहेबांना दिसत असतं की आता मोठं काही सांगून उपयोग नाही, मग कशाला सांगा. तिसरं लक्षण उलटं, म्हणजे साहेब अख्खा डेक पाडून नव्याने बांधायला सांगतात. ते बहुतेक वेळा तेव्हा होतं जेव्हा तुम्ही पहिल्यांदाच तयार, रंगरंगोटी केलेला डेक दाखवता आणि मूळ मागणीच त्यांना पटलेली नसते. त्यावर मेलचा मजकूर सुधारून काही होत नाही, एक पान कागदावर लिहून आधी दहा मिनिटं बोलायला हवं होतं, स्लाइड उघडायच्याही आधी. ते सोडून देते, या पोस्टचा विषय पहिली दोन लक्षणं.

आता खरी केस. ओव्हरटाइमनंतर पुढचा डेक होता क्रेटचा. आम्ही कस्टमरकडे माल पुठ्ठ्याच्या खोक्यांतून पाठवायचो, रोज २५० खोकी, एक खोकं ३८ रुपये, म्हणजे दिवसाला ९,५०० आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर २,३७,५०० रुपये पुठ्ठ्यात. खोकं तिकडे गेलं की भंगारात. त्याऐवजी प्लॅस्टिकचे रिटर्नेबल क्रेट घ्यायचे, जे रिकामे होऊन परत येतात, असा प्रस्ताव. १४ स्लाइड. शुक्रवारी ११ वाजता प्लांट हेडसमोर.

मी पहिला मेल सवयीने असाच लिहिला:

> सर, क्रेटच्या प्रस्तावाचा ड्राफ्ट जोडलाय. फ्लो ठीक वाटतोय का आणि आकडे बरोबर आहेत का बघाल का? काही बदल असतील तर सांगा.

पाठवायच्या आधी थांबले. "फ्लो ठीक वाटतोय का" याचं उत्तर डेक न उघडतासुद्धा "हो" देता येतं. "आकडे बरोबर आहेत का" याचं उत्तर द्यायचं तर सरांना शंभरेक आकडे तपासायला लागतील, ते कोण करणार. हे ताकाला जाऊन भांडं लपवणं झालं. मला पोटात भीती एकाच आकड्याची होती आणि मी विचारत होते सगळ्या आकड्यांबद्दल.

तो आकडा होता ६ दिवस. एक क्रेट भरून गेला की रिकामा परत यायला किती दिवस लागतात, यावर सगळं उभं असतं. रोज २५० क्रेट बाहेर जाणार आणि प्रत्येक क्रेट ६ दिवस बाहेर राहणार, म्हणजे कोणत्याही दिवशी १,५०० क्रेट फिरतीवर, वर १० टक्के जास्तीचे, झाले १,६५०. एक क्रेट ६५० रुपये, एकूण १०,७२,५००. बचतीची बाजू अशी की पुठ्ठ्याचे २,३७,५०० वाचणार, त्यातून रिकामे क्रेट आणायचं भाडं रोज ३,००० म्हणजे महिन्याला ७५,००० वजा, आणि क्रेट धुवायचे २ रुपये प्रत्येकी, ते १२,५००. उरले दीड लाख महिन्याला. पैसे वसूल व्हायला साधारण सात महिने. छान दिसत होतं. पण ते ६ दिवस मी कस्टमरच्या पॅकेजिंग शीटवरून उचलले होते, कोणी मोजलेले नव्हते, आणि हे मला माहीत असून मी मेलमध्ये लिहिलं नव्हतं. का नाही लिहिलं? कारण आपली कच्ची बाजू स्वतःहून दाखवायची लाज वाटते. ही लाजच सगळ्या घोळाचं मूळ आहे असं मला आता वाटतं, कारण जिथे आपल्याला खात्री नाही नेमकं तिथेच साहेबांची मदत हवी असते आणि नेमकं तेच आपण झाकतो.

मग सोमवारी सकाळी जो मेल गेला तो खाली देते. आमच्याकडे मेल इंग्रजीत जातात, इथे मराठी करून टाकतेय, बाकी मजकूर तोच.

> विषय: क्रेट डेक ड्राफ्ट – ३ प्रश्न – उत्तर बुधवार संध्याकाळी ६ पर्यंत हवंय
>
> सर,
>
> शुक्रवारी ११ वाजता प्लांट हेडसमोर क्रेटचा विषय आहे, त्याचा ड्राफ्ट जोडलाय. १४ स्लाइड आहेत, पण तुम्ही ३, ६ आणि ११ एवढ्याच बघितल्या तरी चालेल, पंधरा मिनिटांचं काम आहे.
>
> थोडक्यात: पुठ्ठ्याऐवजी रिटर्नेबल क्रेट, खर्च १०.७३ लाख, बचत महिन्याला १.५ लाख, सात महिन्यांत वसूल.
>
> १) स्लाइड ६, "क्रेट किती लागतील": क्रेट परत यायला ६ दिवस धरलेत. हे कस्टमरच्या पॅकेजिंग शीटवरून घेतलंय, प्रत्यक्ष तपासलेलं नाही. एक दिवस वाढला की २७५ क्रेट म्हणजे १.७९ लाख वाढतात. तुमच्या अनुभवाने किती दिवस धरावेत?
>
> २) स्लाइड ११, "रिकामे क्रेट परत आणणे": पर्याय अ, आपलीच गाडी येताना घेऊन येईल, रोज ३,००० जास्त. पर्याय ब, आठवड्यातून दोन वेगळ्या फेऱ्या, भाडं कमी पण क्रेट तिकडे जास्त दिवस अडकतील. माझा कल अ कडे आहे. ब का घ्यावा असं काही कारण तुम्हाला दिसतं का?
>
> ३) स्लाइड ३, "मागणी": प्लांट हेडकडे थेट मंजुरी मागतेय. ती त्यांच्या अखत्यारीत बसते ना? आणि मीटिंगमध्ये कोण कशावरून अडवेल असं तुम्हाला वाटतं?
>
> पुठ्ठ्याचे दर पर्चेसकडून आणि खोक्यांची संख्या स्टोअरकडून तपासून घेतली आहे, ती परत बघायची गरज नाही. फॉन्ट, रंग, फोटो गुरुवारी करणार आहे, त्यावर आत्ता वेळ घालवू नका.
>
> प्रश्न २ चं उत्तर नाही आलं तर अ धरून पुढे जाते. १ आणि ३ मात्र तुम्ही सांगितल्याशिवाय पुढे नेणार नाही, तोपर्यंत कळलं नाही तर गुरुवारी ९ वाजता केबिनला येऊन जाते, पाच मिनिटं लागतील.

यातल्या दोन-तीन जागांवर जरा थांबते.

पहिला प्रश्न बघा. त्यात आकडा आहे, आकडा कुठून आला ते आहे, किती कच्चा आहे ते आहे, आणि चुकला तर कितीला पडेल तेही आहे. हा शेवटचा भाग लोक सोडून देतात आणि मला वाटतं तोच सगळ्यात कामाचा. "६ दिवस ठीक आहेत का" एवढंच विचारलं असतं तर सर म्हणाले असते "चालतील". पण एका दिवसाला पावणेदोन लाखांच्या वर जातात हे वाचल्यावर माणूस चालता चालता थांबतो. आपल्याला काय माहीत नाही हे सांगणं पुरेसं नसतं, ते माहीत नसल्याने किती फरक पडतो हे सांगावं लागतं.

दुसऱ्या प्रश्नात मी "अ की ब" असं मोकळं सोडलेलं नाही. माझा कल सांगितला आणि विचारलं की उलट जायला काही कारण आहे का. पूर्वी मी नुसतं "सर तुम्हाला कोणतं बरं वाटतं" विचारायचे, त्यात दोन तोटे होतात, एक तर सगळा विचार साहेबांच्या गळ्यात पडतो म्हणून ते "नंतर बघू" म्हणतात, आणि दुसरं म्हणजे त्यांना वाटतं हिने स्वतः काही डोकं लावलेलंच नाही. कल सांगितला की त्यांना फक्त खोडायचं असतं, खोडणं सोपं असतं.

आणि "उत्तर नाही आलं तर अ धरून जाते" हे वाक्य. हे हल्ली सगळे वापरतात आणि बऱ्याचदा चुकीच्या ठिकाणी वापरतात. जी गोष्ट नंतर सहज बदलता येते तिथेच हे चालतं. रिकामे क्रेट आपल्या गाडीने आणायचे की वेगळ्या फेऱ्यांनी, हे महिन्याभराने बदलता येईल. पण पैशाचा आकडा किंवा वरच्या माणसाकडे करायची मागणी, तिथे "तुम्ही काही बोलला नाहीत म्हणून मी समजले चालेल" असं पुढे कधीही म्हणता येत नाही, म्हणायला गेलात तर तुमचीच फजिती. म्हणून १ आणि ३ साठी मी स्पष्ट लिहिलं की थांबते आणि केबिनला येते.

मंगळवारी दुपारी सरांचं उत्तर आलं, फोनवरून टाइप केलेलं, साडेचार ओळींचं. शब्द थोडे इकडेतिकडे असतील पण असं होतं: "६ कागदावरचे आहेत. गाडी रोज जाते पण त्यांचं स्टोअर रिकामं पॅकेजिंग रोज सोडत नाही, जमवून देतात. ९ धर. ९ ने १५ लाखांच्या वर जातंय का बघ, गेलं तर प्लांट हेडची लिमिट संपली, हेड ऑफिसला जाईल. अ ठीक. फायनान्सवाले हरवलेल्या क्रेटचं विचारणारच, मागे ट्रॉल्यांचं काय झालं ते आठवतं त्यांना."

आता हिशोब करून बघा. ९ दिवस म्हणजे २,२५० क्रेट फिरतीवर, १० टक्के जास्तीचे धरून २,४७५, गुणिले ६५०, झाले १६,०८,७५०. पंधराच्या वर. म्हणजे शुक्रवारी मी ज्या माणसाकडे मंजुरी मागायला निघाले होते त्याच्या हातात ती देणंच नव्हतं. आणि हे मला भर मीटिंगमध्ये कळलं असतं.

मला एक शॉर्टकट सुचला होता तोही सांगते, कारण तो कुणालाही सुचेल. म्हटलं दोन टप्पे करूया, आधी काही पार्ट्ससाठी क्रेट घेऊ, म्हणजे रक्कम पंधराच्या खाली बसेल. केबिनला जाऊन सरांना विचारलं तर ते म्हणाले, "लिमिटखाली बसवायला तुकडे पाडायचे नाहीत, ऑडिटला ते लगेच दिसतं आणि मग सही करणारा अडकतो. टप्पे करायचे तर कामाच्या कारणाने कर." माझ्याकडे कामाचं कारण नव्हतं. मग स्लाइड ३ बदलली, "मंजुरी द्यावी" च्या जागी "हेड ऑफिसकडे शिफारस करावी" असं आलं, आणि त्याबरोबर हेड ऑफिसचा कॅपेक्सचा फॉर्म भरून मागे जोडला.

हरवलेल्या क्रेटसाठी स्टोअरच्या रजिस्टरवरून मागच्या ट्रॉल्यांचा हिशोब काढला, वर्षाला साधारण ५ टक्के गेलेल्या होत्या. तेवढेच क्रेट गेले तर वर्षाला १२४, म्हणजे ८०,६०० रुपये, महिन्याला ६,७०० च्या आसपास. ते बचतीतून वजा केले तर महिन्याला १,४३,३०० उरतात आणि वसुली सात महिन्यांवरून सव्वाअकरा महिन्यांवर जाते. सात महिन्यांचं मथळ्यातलं चकचकीत वाक्य काढताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण सव्वाअकरा हा आकडा आता कोणी हलवू शकत नव्हतं.

आता फाइलची बाजू, कारण प्रश्न चांगले विचारूनही इथे गाडी घसरते. सर म्हणाले "स्लाइड ९ वर तो तक्ता नको" आणि माझ्या स्लाइड ९ वर तक्ताच नव्हता. पंधरा मिनिटं आम्ही दोघं फोनवर वेगवेगळ्या स्लाइडबद्दल बोलत होतो. झालं असं होतं की मी दोन स्लाइड `Hide Slide` करून ठेवल्या होत्या आणि पीडीएफ काढताना त्या वगळल्या गेल्या. पॉवरपॉइंट स्लाइडचा नंबर देताना लपवलेली स्लाइडही मोजतो, पण पीडीएफमध्ये ते पानच नसतं, त्यामुळे स्लाइडच्या कोपऱ्यात छापलेला नंबर एक आणि फोनवर पीडीएफच्या वर दिसणारा पान नंबर दुसरा. सर पान नंबर सांगत होते, मी स्लाइड नंबर बघत होते. उपाय म्हणजे रिव्ह्यूला पाठवायच्या कॉपीत लपवलेल्या स्लाइड ठेवूच नका, त्या दुसऱ्या फाइलमध्ये हलवा. ठेवायच्याच असतील तर पीडीएफ सेव्ह करताना `Options` मध्ये `Include hidden slides` वर टिक आहे का ते बघा. आणि `Insert` मधून `Slide Number` चालू करा, माझ्याकडे अर्ध्या डेकला नंबरच नसायचे. मेलमध्ये नंबरासोबत स्लाइडचं शीर्षक लिहिते ते याचसाठी, मध्ये एखादी स्लाइड घातली तरी शीर्षकावरून सापडते.

लिंक पाठवत असाल तर परवानगी एकदा दुसऱ्याच्या फोनवर तपासा. गूगल स्लाइड्सला `Viewer` ठेवलं तर साहेबांना कमेंट टाकताच येत नाही, `Commenter` लागतं, आणि ते तुम्हाला सांगणार नाहीत की येत नाहीये, ते नुसतं गप्प बसतील आणि तुम्हाला वाटेल त्यांना सगळं पसंत पडलं. पुण्यातल्या माझ्या मैत्रिणीचे चार दिवस यात गेलेत.

आणि मेलच्या अंगात तीन ओळींत मुख्य आकडे लिहा, भले डेकमध्ये असोत. अटॅचमेंट उघडली गेली नाही तरी मेल वाचला जातोच. माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरांनी फाइल न उघडताच दिलं होतं असा मला दाट संशय आहे, आणि काही बिघडलं नाही.

दुसरा मेल, म्हणजे बदल करून परत पाठवताना जो जातो, तो लोक विसरतात. "सर, सुधारित डेक जोडलाय" एवढंच लिहून पाठवलं तर साहेबांना परत चौदा स्लाइड पहिल्यापासून बघाव्या लागतात आणि मग नव्या कमेंट्स सुरू होतात, जुन्यावर नव्या, संपतच नाही. मी बुधवारी रात्री हे लिहिलं:

> सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे स्लाइड ६ ला ९ दिवस धरले, खर्च १६.०९ लाख झाला. स्लाइड ३ वर मंजुरीऐवजी शिफारस मागितली आहे. स्लाइड १२ नवीन आहे, क्रेट हरवण्याचा हिशोब. वसुली आता सव्वाअकरा महिने. तक्ता काढायला सांगितला होतात तो ठेवलाय, कारण पर्चेसने तो मुद्दाम मागितला होता, पण शेवटी मागे नेलाय. या चार जागा सोडून कुठेही हात लावलेला नाही.

"ठेवलाय, कारण" हे लिहायला मी आधी घाबरायचे. न पटलेली कमेंट गुपचूप सोडून द्यायची आणि साहेबांच्या लक्षात येणार नाही अशी आशा करायची. लक्षात येतंच. आणि मग त्यांना वाटतं हिला सांगून उपयोग नाही, नळी फुंकली सोनारे. त्यापेक्षा कारण लिहा, दहातल्या आठ वेळा "ओके" येतं, दोन वेळा ते परत सांगतात आणि मग निमूट काढायचं.

मीटिंगमध्ये फायनान्सने क्रेट हरवण्याचंच विचारलं, स्लाइड १२ दाखवली, मग त्यांनी क्रेटवर कंपनीचं नाव कोरून घ्यायला सांगितलं, म्हणजे कस्टमरच्या स्टोअरमध्ये दुसऱ्यांच्या क्रेटमध्ये मिसळणार नाहीत. ते मला सुचलं नव्हतं. शिफारस मिळाली. हेड ऑफिसने पुढे दोन महिने लावले, पण ते वेगळं दुखणं.

हा उपाय कुठे चालत नाही तेही सांगते. एक, साहेबांनी स्वतःच अजून ठरवलेलं नाही की हा प्रस्ताव जावा की नाही. तेव्हा तुम्ही कितीही नेमके प्रश्न विचारा, उत्तरं गोलगोल येतात किंवा येतच नाहीत, तिन्ही प्रश्नांवर शांतता असेल तर मेल परत पाठवू नका, आठवणीचा तर मुळीच नको, जाऊन विचारा की सर हा विषय शुक्रवारी घ्यायचा आहे ना नक्की. एकदा मला "नको घेऊस, पुढच्या महिन्यात" असं उत्तर मिळालं होतं आणि माझे तीन दिवस वाचले.

दुसरं, प्रश्न तीनच्या वर गेले की गणित बिघडतं. मी एकदा सात विचारले होते, उत्साहाच्या भरात, तर सरांनी सोपे दोन निवडून त्यांची उत्तरं दिली आणि अवघड पाच तसेच. सात प्रश्न असतील तर त्यातले चार बहुतेक अकाउंट्स, स्टोअर किंवा पर्चेसला विचारायचे असतात, साहेबांना नाही. आधी तिकडून तपासून आणा आणि मेलमध्ये लिहा की तपासलंय.

तिसरं, दोन साहेब असतील तर. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात हे आहे, एक रोजचा बॉस आणि एक प्रोजेक्टचा, दोघंही बसतात वेगळ्या शहरात. एक म्हणतो आकडे आधी घे, दुसरा म्हणतो फोटो आधी घे. तो बिचारा दोघांना वेगवेगळे मेल पाठवून दोन डेक सांभाळत बसला होता. आता तो दोघांनाही एकाच मेलमध्ये घेतो, प्रत्येक प्रश्नासमोर ज्याचं उत्तर हवं त्याचं नाव लिहितो, आणि दोघांचं म्हणणं उलटं आलं तर त्याच मेलवर दोन्ही ओळी खाली खाली चिकटवून एवढंच लिहितो की "या दोन्हींपैकी एक सांगाल का, मी गुरुवारी दुपारी डेक बंद करतोय." मग ते दोघं आपसात फोन करतात.

तुमच्याकडे काय होतं ते लिहा, आणि जमलं तर मेलमधला प्रश्न जसाच्या तसा टाका, कंपनीचं नाव आणि खरे आकडे काढून.